पैसे आले, तरी माल अडला

समजा, 1 एप्रिलला 2,40,000 रुपयांचं बिल केलं. उधारी 30 दिवसांची, म्हणजे मुदत 1 मेपर्यंत. तिथून ईआरपी दिवस मोजू लागतं. 20 जूनला बिल 50 दिवस थकलेलं, म्हणून येणी-अहवालात ते '31 ते 60 दिवस' या रकान्यात बसतं. तोवर दोन स्मरणपत्रं गेलेली, दुसरं जरा करड्या सुरातलं. थकबाकी 45 दिवसांवर गेली की नवी ऑर्डर आपोआप अडवायची, असा नियम भरलेला असेल तर गोदामातून माल हलत नाही.

आता ग्राहक चिडून फोन करतो, "अहो, 10 मेलाच पैसे पाठवलेत!" खरंच आलेले असतात. पण लेखनिकानं रक्कम खात्यावर नुसती जमा केली, बिलाशी जोडली नाही. खात्याची बाकी शून्य, तरी बिल उघडंच. बरीच सॉफ्टवेअरं दिवस मोजताना बिल बघतात, बाकी नाही. ओळखायची खूण सोपी: एकूण येणं शून्य, पण जुन्या रकान्यात रक्कम आणि शेजारी तेवढीच वजा रक्कम. जमा त्या बिलाशी जोडली की ऑर्डर सुटते. काही ठिकाणी मात्र अडवणूक हातानंच काढावी लागते.