पैसे गेले, पण खर्च झाला का?

बँकेचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट पीडीएफऐवजी एक्सेलमध्ये उतरवून घ्या. रकमांची बेरीज शून्य आली तर दचकू नका. स्वल्पविरामामुळे एक्सेलने आकड्यांना मजकूर समजलेलं असतं. स्वल्पविराम काढले की बेरीज जमते.

किराणा, वीज, औषधं ही वर्गवारी सोपी. खरी मेख क्रेडिट कार्डात असते. समजा, एका महिन्यात खात्यातून ७४,००० रुपये गेले. त्यांत कार्डाचं बिल १८,४०० आणि रिकरिंगचा हप्ता २०,०००. कार्डाचं स्टेटमेंटही त्याच शीटमध्ये जोडलं, तर त्या १८,४०० ची खरेदी पुन्हा मोजली जाते आणि खर्च ९२,४०० दिसतो. मग घरात उगाच वादावादी!

म्हणून बिल आणि हप्ता या दोन ओळींपुढे ‘घरातल्या घरात’ असं लिहून त्या बेरजेतून वगळायच्या. उरले ३५,६००, त्यात कार्डावरची खरेदी मिळवली की ५४,०००.

यूपीआयच्या ओळीत मात्र बहुधा दुकानदाराचं नुसतं नाव असतं. भाजीवाला की इस्त्रीवाला, हे बँकेला ठाऊक नसतं. ते घरातल्यांनाच विचारावं लागतं.