छेदातले तास

सकाळी ९.४५. टेबलावर तिसऱ्या सत्राचे कॅटलॉग, शिक्षकांच्या दैनंदिनी आणि ऑफिसने काढलेला एकत्रित तक्ता. आमच्या बी.फार्मच्या मुलांना फार्मसी कौन्सिलच्या नियमाने प्रत्येक विषयात ८० टक्के हजेरी लागते, तीही थिअरीची वेगळी आणि प्रॅक्टिकलची वेगळी. एकीत ९५ टक्के असली म्हणून दुसरीतली ७६ भरून निघत नाही. डी.फार्मला ७५ टक्के चालते. त्यामुळे तिकडचं कोष्टक इकडे चिकटवलेलं नाही ना, हे आधी पाहावं लागतं.

१०.१५. मुलं ‘हजर किती’ एवढंच विचारतात. मी आधी ‘झालेले तास’ हा रकाना धरतो, कारण घोटाळा बहुधा छेदात असतो. मायक्रोबायोलॉजीसमोर ४८ लिहिलेत. आठवड्याला तीन तास, सोळा आठवडे. म्हणजे हे ४८ वेळापत्रकातून आलेत, वर्गातून नव्हे. वेळापत्रकातला आकडा असा बरोबर भागला जाणारा असतो. प्रत्यक्ष झालेला सहसा नसतो. दैनंदिनीत सह्या असलेले तास मोजले: ४६. दोन तास सुट्टीत गेले होते.

आता परंड्याकडचा एक मुलगा घ्या. हजर ३८. ४८ ने भागलं तर ७९.१७ टक्के, परीक्षेला अपात्र. ४६ ने भागलं तर ८२.६१, पात्र. मुलाने काहीच केलं नाही, फक्त छेद खरा झाला.

११.३०. तोच मुलगा दारात. “सर, पुरात रस्ता बंद होता, ते दिवस कमी करा की.” सप्टेंबर २०२५ मध्ये परंडा-भूम भागात पुराने काय केलं, हे या जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. तरी दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. कॉलेज बंद असेल तर तास झालाच नाही, तो छेदात येत नाही. कॉलेज चालू होतं आणि तू अडकलास, तर तास झाला. तो छेदात राहतो आणि तू गैरहजर. त्याचं दुःख खरं आहे, पण ते सांगायची जागा प्राचार्यांना दिलेला अर्ज आहे, माझा तक्ता नव्हे. हे बोलताना मला बरं वाटत नाही. सुदैवाने त्याला त्या सवलतीची गरजच उरलेली नव्हती.

१२.४५. प्रॅक्टिकल. इथे छेद बॅचनिहाय बदलतो. ‘अ’ बॅचचे १३ झाले. ‘ब’ची बॅच बुधवारी, तिचा एक सुट्टीत गेला, म्हणून १२. तक्त्यात दोन्हींना १३ लावलेत. ‘ब’मधली मुलगी १० प्रॅक्टिकलना हजर आहे: तेराने ७६.९२, बाराने ८३.३३. बॅच बदललेल्या मुलांची नावं दोन्ही याद्यांत आहेत का, तेही पाहून घेतो.

२.३०. डब्यानंतर कॉम्प्युटर. एका ओळीत ८०% दिसतंय आणि शेजारी ‘अपात्र’. लिपिक म्हणतात, “सर, फॉर्म्युला बिघडलाय.” फॉर्म्युला असा आहे:

```
=IF(C5/B5>=0.8,"पात्र","अपात्र")
```

तो ठीक आहे. ४४ पैकी ३५ म्हणजे ७९.५५, दशांश लपवल्यामुळे पडद्यावर ८० दिसतात. सगळ्या रकान्यांत दोन दशांश उघडे केले. ४४ तासांना ३६ च हजेऱ्या लागतात, कारण ८० टक्के ३५.२ होतात आणि ०.२ तास कुणी बसत नाही. हा विद्यार्थी ‘अपात्र’च राहिला, पण आधी त्या चव्वेचाळिसांची दैनंदिनी पुन्हा मोजली.

३.४५. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेली मुलं प्रवेश फेऱ्यांमुळे उशिरा दाखल होतात. त्यांचे तास कधीपासून धरायचे, हे मी मनाने ठरवत नाही. प्राचार्यांचा लेखी आदेश फाइलला असेल तर त्या तारखेपासून, नसेल तर सगळ्यांसारखेच.

४.३०. हजेरीचे गुणही याच तक्त्यातून जातात: थिअरीला ८० ते ८४ टक्क्यांना एक, ८५ ते ८९ ला दोन, ९० ते ९४ ला तीन, ९५ पासून चार. कोष्टक पूर्णांकांत आहे आणि मुलं पूर्णांकांत येत नाहीत. ४६ पैकी ३९ म्हणजे ८४.७८. याला एक की दोन? मी एकच देतो, कारण ८५ झालेले नाहीत. दुसरा शिक्षक दोन देईल. परीक्षा विभागाने एकदा लिहून द्यावं, नाहीतर शेजारच्या दोन विषयांत दोन न्याय होतात.

५.१५. यादी फलकावर लावली. नुसती टक्केवारी नाही. झालेले, हजर आणि टक्के असे तिन्ही रकाने, थिअरी-प्रॅक्टिकल वेगळे. हरकतीला तीन दिवस. शिपाई मामा पिन टोचतात तोवर मुलं गोळा झाली. “सर, माझ्या बॅचचे बाराच झालेत ना?” कुणीतरी विचारलं. मी बोटाने पहिला रकाना दाखवला.