लांडगा हरला, चेरीचं झाड जिंकलं

खोटं बोलू नये हे शिकवायला आपण हमखास ‘लांडगा आला रे आला’ सांगतो. कांग ली आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये तीन ते सात वर्षांच्या मुलांवर हे तपासलं. पाठीमागचं खेळणं न बघता आवाजावरून ओळखायचं. मूल एकटं राहिलं की अनेकदा चोरून बघतंच. मग गोष्ट सांगून विचारलं, “पाहिलंस?” लांडग्याच्या आणि पिनोकिओच्या गोष्टींनी फरक पडला नाही. चेरीचं झाड तोडल्याचं कबूल करून वडिलांची शाबासकी मिळवणाऱ्या छोट्या वॉशिंग्टनच्या (दंतकथाच ती!) गोष्टीने मात्र जास्त मुलं खरं बोलली. कबुलीचं कौतुक गोष्टीतून काढल्यावर तो परिणाम उरला नाही.

वर्गात गोष्ट अर्ध्यावर थांबवावी. मीनाच्या हातून मैत्रिणीच्या वहीवर पाणी सांडलं, बाई आल्या. पुढचं मुलांनी करून दाखवायचं. बाई झालेली मुलगी बहुधा आधी ओरडते. तिथेच कळतं, मुलं कशाला घाबरतात. मग तोच प्रसंग पुन्हा: “सांगितलंस, बरं केलंस. चल, वही वाळवू.” वाळवायचं काम मीनाचंच, ते माफ नाही. आणि कुणी सांडलं हे दिसत असताना “कुणी केलं?” विचारूच नये, त्या प्रश्नाने मूल खोट्याकडेच ढकललं जातं.