पावत्यांचा मेळ न बसल्यास किरकोळ रोकडीची भरपाई कशी लिहावी

दुष्काळी कामाचे हिशेबपत्रक हाती आले म्हणजे व्यवहारी गृहस्थाची नजर मोठ्या रकमांवरून फिरून एखाद्या लहानशा ओळीवर थांबते. चाऱ्यास लाखांनी खर्च झाला यात त्यास नवल वाटत नाही. परंतु ‘किरकोळ रोकडीतील तूट, रुपये ६०’ अशी ओळ दिसली की मनात प्रश्न उभा राहतो. ही तूट आली कोठून? आणि ती छापून दाखविण्याऐवजी कोणी मुकाट्याने भरून का काढली नाही? प्रश्न रास्त आहे. अशी ओळ हिशेबात कशी येते, आणि ती दडविली असता दात्याचे अधिक नुकसान का होते, हे पुढे एका उदाहरणाने मांडले आहे.

प्रथम व्यवस्था समजून घ्यावी. छावणीवर रोज हमाली, डिझेल, दोर, औषध असे लहान खर्च पडतात. त्या प्रत्येकासाठी खजिनदाराकडून चेक आणणे शक्य नसते. म्हणून छावणीच्या कारकुनाजवळ एक ठराविक रक्कम कायम तसलमात म्हणून ठेवतात. इंग्रजी हिशेबपद्धतीत हिलाच इंप्रेस्ट म्हणतात. समजा, ही रक्कम रुपये १०,००० आहे. कारकून तीतून खर्च करतो व प्रत्येक खर्चाचे व्हाउचर पेटीत ठेवतो. पंधरवड्याअखेर व्हाउचरे खजिनदारापुढे ठेवावयाची आणि जितकी रोकड कमी झाली तितकी परत घेऊन पेटी पुन्हा रुपये १०,००० ची करावयाची. या पद्धतीचे सारे बळ एका साध्या नियमात आहे : कोणत्याही दिवशी पेटी उघडली तरी आतील रोकड आणि व्हाउचरे यांची बेरीज बरोबर तसलमातीइतकी भरली पाहिजे.

आता ती भरली नाही असे धरू. पंधरवड्याअखेर कारकून व चिटणीस या दोघांनी मिळून रोकड मोजली; ती रुपये १,८७० निघाली. व्हाउचरांची यादी येणेप्रमाणे झाली : हमाली २,६४०, पंपाचे डिझेल ३,२५०, दोर व बादल्या ५६०, जनावरांची औषधे १,२८०, एकूण रुपये ७,७३०. रोकड मिळवून ९,६०० झाले. तसलमात १०,००० ची, तेव्हा तूट ४०० ची.

येथे घाईने लेखणी उचलू नये. ४०० ही तूट म्हणून लिहिण्यापूर्वी तीत खरी तूट किती आणि नुसती नोंदीची चूक किती, हे वेगळे केले पाहिजे. पहिले काम म्हणजे प्रत्येक व्हाउचर हाती घेऊन यादीशी ताडणे. तसे करता दोर व बादल्यांचे बिल रुपये ६५० चे असून यादीत ५६० उतरले असल्याचे आढळले. आकड्यांची अशी अदलाबदल झाली असता फरकास ९ ने निःशेष भाग जातो, ही मुनिमांची जुनी खूण आहे, आणि ९० ला तो जातोच. परंतु ४०० ला जात नव्हता, कारण तीत अनेक कारणे मिसळली होती. खूण जुळली तर शोध लवकर संपतो. जुळली नाही म्हणून चूक नाही असे मात्र ठरत नाही.

दुसरे काम म्हणजे पावतीवाचून झालेला खर्च शोधणे. चौकशीत असे निघाले की, एके रात्री उशिरा कडब्याची गाडी आली. ती उतरविणाऱ्या माणसांस रुपये २५० दिले गेले, पण घाईत कोणाची सही घेतली गेली नाही. गाडी आल्याची नोंद आवक वहीत आहे, आणि मजुरी देताना पाहणारा पहारेकरीही आहे. हा पैसा कोठे गेला हे ठाऊक आहे. उणीव केवळ कागदाची आहे. अशा वेळी ‘पैसे दिल्याचा दाखला’ तयार करावा. त्यावर तारीख, रक्कम, कारण, पावती का मिळाली नाही याचा खुलासा, कारकुनाची सही, साक्षीदाराची सही व चिटणीसाची मंजुरी असावी. मागाहून एखाद्या हमालाचा अंगठा घेऊन जुन्या तारखेची पावती बनविणे मात्र सर्वथा वर्ज्य समजावे. दाखला आपण दाखला आहोत हे सांगतो. बनविलेली पावती खोटे सांगते, आणि एक खोटी पावती सापडली की तिच्या शेजारच्या शंभर खऱ्या पावत्यांवरचाही विश्वास उडतो.

या दोन शोधांनंतर खर्च ७,७३० चा ८,०७० झाला. रोकड १,८७० मिळविता ९,९४० भरले. बाकी राहिले रुपये ६०. त्यांचा माग लागला नाही. कदाचित सुटे देताना नोट अधिक गेली असेल. खरी तूट ती एवढीच.

आता भरपाईचा चेक कितीचा काढावा? पुष्कळ ठिकाणी चूक होते ती येथेच. व्हाउचरे ८,०७० ची, म्हणून चेकही ८,०७० चा, असा विचार सहज सुचतो आणि तो काटकसरीचाही वाटतो. परंतु तसे केल्यास पेटीत ९,९४० च होतील आणि खतावणीत तसलमात १०,००० ची दिसत राहील. पुढच्या पंधरवड्यात आणखी ४० कमी भरले, तर तूट १०० ची दिसेल, आणि त्यातील कोणता रुपया कोणत्या पंधरवड्यात गेला हे सांगता येणार नाही. म्हणून नियम असा की, चेक व्हाउचरांच्या बेरजेवरून न काढता, तसलमातीतून मोजलेली रोकड वजा करून काढावा. १०,००० वजा १,८७० म्हणजे ८,१३०. चेक इतक्याचा, आणि रोजकीर्दीत नोंद पुढीलप्रमाणे :

हमाली खाते नावे २,८९०
डिझेल खाते नावे ३,२५०
दोर व बादल्या खाते नावे ६५०
औषध खाते नावे १,२८०
रोकड तूट-वाढ खाते नावे ६०
बँक खाते जमा ८,१३०

या नोंदीत किरकोळ रोकडीचे खाते कोठेच येत नाही, याकडे वाचकांनी लक्ष द्यावे. ते खाते तसलमात प्रथम देताना एकदा नावे पडते. त्यानंतर तिची रक्कम वाढविली, घटविली किंवा ती बंद केली तरच त्यास हात लावावयाचा. दर पंधरवड्यास त्या खात्यात तूट किंवा भरपाई लिहिली जात असेल, तर पद्धत बिघडली असे खुशाल समजावे. तसेच ते ६० रुपये हमालीत किंवा ‘किरकोळ खर्चा’त मिसळू नयेत. मिसळल्यास बेरीज जुळते, पण तूट होती हेच अदृश्य होते.

तूट-वाढ खाते वेगळे ठेवण्याचा लाभ काही महिन्यांनी दिसतो. सुट्या पैशांच्या व्यवहारात कधी थोडी तूट, कधी थोडी वाढ येणे स्वाभाविक आहे. अशा खात्याची बाकी शून्याच्या आसपास हेलकावे खाते. ती एकाच बाजूस सरकत गेली, किंवा दर वेळी सारखीच तूट येऊ लागली, तर तो योगायोग नव्हे. आणि महिनोन् महिने एका रुपयाचाही फरक पडला नाही, तर कारकून पदरचे घालतो आहे किंवा व्हाउचरे बेरजेस जुळवून घेतो आहे काय, हे पाहणे प्राप्त होते.

वाढ निघाली तर नोंद उलटी होते. पुढील पंधरवड्यात व्हाउचरे ७,६०० ची व रोकड २,४२५ निघाली असे धरू. बेरीज १०,०२५, वाढ २५. चेक तरीही १०,००० वजा २,४२५, म्हणजे ७,५७५ चाच. खर्चखाती मिळून ७,६०० नावे, बँक ७,५७५ जमा व तूट-वाढ खाते २५ जमा. वाढ पाहून हर्ष मानू नये. बहुधा तिचा अर्थ असा असतो की, कोणा मजुरास व्हाउचरापेक्षा कमी पैसे दिले गेले. तो मागावयास आला व ते खरे ठरले, तर त्याचे पैसे द्यावे आणि ती नोंद त्याच खात्यात नावे टाकून फिरवावी.

तूट कोणी सोसावी, हा निर्णय कारकुनाचा नव्हे. कमिटीने तो लेखी करावा. निष्काळजीपणा सिद्ध झाल्यास रक्कम खर्चात न टाकता त्या व्यक्तीकडून येणे म्हणून लिहावी. नेहमीच्या व्यवहारातील अल्प तूट असल्यास ती संस्थेच्या सर्वसाधारण व्यवस्थाखर्चात जावी. मात्र एखाद्या दात्याने केवळ चाऱ्यासाठी म्हणून दिलेल्या निधीवर ती कदापि टाकू नये. हरवलेले ६० रुपये म्हणजे चारा नव्हे.

महाराष्ट्रात नोंदलेल्या सार्वजनिक न्यासांस तर हा केवळ शिस्तीचा प्रश्न नाही. मुंबई सार्वजनिक न्यास नियम, १९५१ यांतील १९ व्या नियमानुसार, तपासणीच्या दिवशी व्यवस्थापकाच्या किंवा विश्वस्ताच्या ताब्यातील रोख शिल्लक व व्हाउचरे हिशेबाशी जुळत होती किंवा नाही, हे हिशेब तपासनिसास आपल्या अहवालात सांगावे लागते. म्हणून ३१ मार्च रोजी भरपाईचा दिवस नसला तरी पेटी मोजून त्या दिवसापर्यंतची सर्व व्हाउचरे व फरक नोंदून घ्यावा. नाही तर खर्च झालेला पैसा वर्षअखेरच्या ताळेबंदात रोकड म्हणून उभा राहतो.

छावणी पाहावयास येणाऱ्या दात्यांनी एवढे अवश्य करावे : पेटी आपल्यासमोर मोजावयास सांगावी, व्हाउचरांची बेरीज मागावी, आणि तूट-वाढीचे खाते उघडावयास सांगावे. या तीन आकड्यांवरून तसलमात पुरी होत असेल, तर त्या खात्यात दिसणारे ६० रुपये ही हिशेब लिहिणाऱ्याच्या खरेपणाची खूण समजावी.