एक मैदान, दोन प्रेक्षक

सातारा-सांगलीकडच्या बैलगाडी मैदानात सकाळी नऊच्या सुमारास पहिला गट सुटतो. सहा-सात गाड्या आपापल्या तासावर उभ्या असतात. बैलांना तोंडाशी धरून उभी असलेली माणसं, मागे चाकोरीची लांबच लांब पट्टी आणि समोर झेंडा हातात घेतलेला पंच. झेंडा पडला की धूळ उठते आणि अर्ध्या मिनिटाच्या आसपास सगळं आटोपतं. त्यानंतरची सहा-सात मिनिटं पुढचा गट रेषेवर आणण्यात जातात. कोणता बैल हुसकतो, कोणाचं जू नीट बसत नाही, निवेदक पुन्हा पुन्हा नावं पुकारतो. हे सगळं संध्याकाळपर्यंत यूट्यूबवर लाईव्ह चालू असतं.

पुणे जिल्ह्यात खेड-मंचरकडे घाटात एकेक गाडा पळतो आणि त्याची वेळ सेकंदांत मोजली जाते. इकडे गाड्या शेजारी शेजारी पळतात. गटात पहिली आलेली गाडी सेमीला जाते आणि सेमीतली पहिली फायनलला. म्हणून इथल्या लाईव्हला दिवसभराची एक चढती कथा असते. २०१४ च्या निकालाने शर्यती थांबल्या होत्या. १६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने अटींवर परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. पुसेगावच्या सेवागिरी यात्रेपासून गावोगावच्या जत्रांपर्यंत मैदानं पुन्हा भरू लागली ती मोबाईल हातात असलेल्या काळात. त्यामुळे आज मैदानाच्या कडेला जेवढं पब्लिक असतं, त्याच्या जोडीला पडद्यापलीकडेही पब्लिक असतं. ते पब्लिक मात्र एक नाही, दोन आहेत.

पहिलं पब्लिक शर्यत चालू असताना बघतं, दुसरं मैदान उठल्यावर. संयोजक आणि कॅमेरावाले दोघंही बहुधा व्हिडिओखालचा एकच आकडा बघतात. त्या आकड्यात दोन्ही पब्लिक मिसळलेली असतात आणि पुढच्या मैदानाचं नियोजन त्यावर बेतलं की ते हुकतं.

एक उदाहरण मांडून बघू. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत. समजा ४९ गट, सात सेमी आणि एक फायनल असं मैदान आहे. लाईव्ह सकाळी नऊला सुरू झालं, साडेपाचला संपलं, म्हणजे ५१० मिनिटं. आठवड्याने बघितलं तर एकूण एक लाख व्ह्यूज. त्यातले ४० हजार लाईव्हमधले, सरासरी पाहण्याचा वेळ ३४ मिनिटं. उरलेले ६० हजार नंतरचे, सरासरी सहा मिनिटं. व्ह्यूज मोजले तर नंतरचं पब्लिक मोठं. पण मिनिटं मोजली तर लाईव्हची होतात १३ लाख ६० हजार आणि नंतरची तीन लाख ६० हजार, म्हणजे लाईव्ह जवळपास चौपट. आणि दोन्हींची एकत्र सरासरी काढली तर १७ मिनिटं येते. सतरा मिनिटं बघणारा प्रेक्षक या दोन्ही गटांचा प्रतिनिधी नाही. त्याच्यासाठी कार्यक्रम आखला तर तो ना याच्या कामाचा ना त्याच्या.

हे वेगळं करण्याची सोय यूट्यूबनेच दिली आहे. ॲनालिटिक्सच्या एपीआयमध्ये `liveOrOnDemand` नावाची विभागणी आहे आणि तिची दोनच उत्तरं येतात, `LIVE` आणि `ON_DEMAND`. व्ह्यूज, एकूण मिनिटं, सरासरी वेळ हे सगळं त्यावर फोडून मिळतं. तुलना करताना मात्र मुदत सारखी धरावी लागते. गेल्या महिन्यातल्या मैदानाला नंतरचे प्रेक्षक महिनाभर मिळत राहिलेले असतात, परवाच्या मैदानाला दोनच दिवस. म्हणून प्रत्येक मैदानाचे पहिले सात दिवसच घ्यावेत.

खरी गंमत सरासरीच्या पुढे आहे. लाईव्हचा आलेख घड्याळावर चालतो. सकाळी तो खाली असतो, सेमी सुरू झाल्या की चढतो, फायनलच्या झेंड्याला तो टोक गाठतो. नंतरच्या पब्लिकचा आलेख व्हिडिओतल्या जागेवर चालतो आणि तो सुळक्यांचा असतो. एक सुळका फायनलवर, तो अपेक्षितच. दुसरा एखाद्या गटावर, जिथे नावाजलेला बैल पळाला किंवा निकालावरून वाद झाला. समजा तो सुळका दोन तास बेचाळीस मिनिटांवर दिसला. लाईव्ह नऊला सुरू झालेलं, म्हणजे घड्याळात अकरा बेचाळीस. तेव्हा कोणता गट सुटला? हे सांगणारी एकच वस्तू लागते, ती म्हणजे निवेदकाच्या टेबलाजवळ ठेवलेली वही, जिच्यात प्रत्येक गटाचा झेंडा पडल्याची वेळ लिहिलेली असते. वही सांगते, गट २३. ती नसेल तर आठ-साडेआठ तासांचा व्हिडिओ चाळत बसावं लागतं आणि तसं कोणी बसत नाही.

याच वहीमुळे फसवे खड्डेही ओळखू येतात. दुपारी लाईव्हची संख्या अचानक निम्म्यावर आली तर शर्यत कंटाळवाणी झाली असं समजायची घाई होते. पण मैदानात गर्दी वाढली की त्याच टॉवरवर हजारो फोन येतात आणि कॅमेऱ्यामागच्या सिमला रेंज पुरत नाही. चित्र गोठतं, लोक निघून जातात. अशा वेळी संख्या एका मिनिटात कोसळते आणि चित्र परतल्यावर लगेच भरून येते. कंटाळून जाणारे लोक असे एकदम उठत नाहीत, हळूहळू पांगतात. लाईव्ह तुटून नवीन लिंकवर चालू झालं असेल तर आणखी काळजी हवी, कारण तेव्हा व्हिडिओतल्या शून्य मिनिटाचा अर्थच बदलतो.

नंतर बघणारे कोण, याचं उत्तर या भागाच्या जगण्यात आहे. खानापूर-आटपाडीकडची गलाईची माणसं सोन्या-चांदीच्या कामासाठी देशभर विखुरलेली. साताऱ्याच्या पाटण-जावळीकडचे कितीतरी लोक पिढ्यान्‌पिढ्या मुंबईत माथाडीचं काम करतात. भर दुपारी त्यांना लाईव्ह बघता येत नाही. रात्री फोन हातात येतो तेव्हा निकाल व्हॉट्सॲपवर आधीच कळलेला असतो. त्यांना उत्सुकता निकालाची नसते, आपल्या गावची जोडी ज्या गटात पळाली तो गट बघायचा असतो. मिळाला तर दोनदा बघतात, नाही मिळाला तर मिनिटाभरात बंद करतात. सहा मिनिटांची सरासरी अशी तयार होते आणि तिला अनास्था म्हणणं त्या माणसावर अन्याय आहे.

यावरून पुढच्या मैदानाचे निर्णय ठरतात. लाईव्हवाल्यांना फायनलची वेळ आधी जाहीर करून पाळणं सगळ्यात जास्त उपयोगी, कारण ते त्याच टोकासाठी येतात. नंतरच्यांना टाइमस्टॅम्प हवेत. वर्णनात पहिली ओळ 00:00 ची, निदान तीन नोंदी चढत्या क्रमाने आणि प्रत्येक भाग किमान दहा सेकंदांचा, एवढं असलं की यूट्यूब व्हिडिओचे भाग पाडतं. वहीतून ४९ गटांची नावं त्यात उतरवायला एक माणूस एक संध्याकाळ पुरे.

एका ठिकाणी मात्र दोघांचं जमत नाही. यूट्यूबच्या एडिटरमध्ये सहा तासांपेक्षा मोठ्या व्हिडिओची काटछाट जतन होत नाही, आणि बारा तासांपलीकडचं लाईव्ह आपोआप साठवलंही जात नाही. नंतरच्या पब्लिकसाठी गट आणि सेमी-फायनल अशा दोन लिंका केल्या तर सोयीचं पडतं. पण लिंक बदलताना लाईव्हचं पब्लिक गळतं, आणि तेही नेमकं चढावर असताना. माझं मत स्पष्ट आहे: लिंक एकच ठेवावी आणि सेमी-फायनलचं रेकॉर्डिंग कॅमेऱ्याच्या कार्डवरून त्याच रात्री वेगळं टाकावं.

दुसरा कॅमेरा कुठे लावायचा, हा प्रश्न खर्चाचा आहे. लाईव्हला ड्रोनचं चित्र भावतं, पण निकालाच्या वादावर उभा राहिलेला सुळका वेगळं सांगतो. त्या गटात लोकांना बघायची असते ती शेवटच्या रेषेवरची बैलांची मान, आणि ड्रोनच्या उंचीवरून ती दिसत नाही. पण एका मैदानातल्या एका सुळक्यावरून खर्च ठरवू नये. तीन-चार मैदानांत वादाच्या गटांवर असाच सुळका आला, तर पुढच्या वर्षी रेषेला काटकोनात, घट्ट तिवईवर कायमचा कॅमेरा लावावा आणि ड्रोन फक्त फायनलला उडवावा.