गाडी सुटताना गळ्याकडे लक्ष

मुंबईच्या लोकलमध्ये मंगळसूत्र खेचणारा बहुधा गाडी हलेपर्यंत थांबतो. फलाटावरून खिडकीत हात घालायचा किंवा दारातल्या बाईच्या गळ्याला हिसका देऊन उतरायचं; तोवर गाडीने वेग घेतलेला असतो. म्हणून दागिना अंगावर असेल तर खिडकीची आणि दाराजवळची जागा टाळलेली बरी.

पदराबाहेर लोंबणारं लांब मंगळसूत्र सहज मुठीत येतं. रोजच्या प्रवासाला आखूड, काळ्या मण्यांचं, छोट्या वाट्यांचं बरं. ते कुर्त्याच्या गळ्याआड राहतं. हातातलं मंगळसूत्रही आता मिळतं, पण ते बाहीखाली हवं. कानात झुमक्यांऐवजी फिरकीच्या कुड्या घाला, कारण लोंबता झुमका ओढला तर कानाची पाळी फाटते.

‘एक ग्रॅमचं आहे, गेलं तर गेलं’ असं म्हणून बायका निर्धास्त असतात. मला हे पटत नाही. चोर कस लावून बघत नाही. तो ओढतोच, आणि तांब्या-पितळेची जाड साखळी लवकर तुटत नाही, गळा कापते. खोटं घालायचं तर तेही झाकूनच.

गणपती विसर्जनाच्या गर्दीत साखळी आतून ब्लाउजला पिनेने अडकवतात. तुटली तरी निदान अर्धी हाती राहते. मात्र हिसका बसलाच तर साखळी धरून ठेवू नका, विशेषतः दारात. तोल गेला तर थेट रुळांवर. पुढच्या स्थानकावर लोहमार्ग पोलिसांकडे तक्रार द्या. रेल्वेची मदत १३९ वर मिळते. दागिन्याची पावती आणि फोटो घरी असू द्या, माल सापडल्यावर ओळख पटवायला तेच लागतं.