पुढे आलेला हात

१९९४ सालची गोष्ट. जात्यावरच्या ओव्या उतरवून घेण्यासाठी मी तेव्हा वर्धा तालुक्यातल्या खेड्यांत हिंडत असे. एका दुपारी मी एका घराच्या ओसरीवर बसलो होतो. तिथे साठीच्या आसपासचे एक गृहस्थ आले. घरधन्याने माझी ओळख करून दिली आणि त्यांनी उजवा हात पुढे केला. त्या हाताची करंगळी आणि अनामिका तळव्याकडे वळलेली होती. मी चटकन उठून दोन्ही हात जोडले आणि मानही झुकवली. त्यांचा हात क्षणभर हवेत तसाच राहिला. मग त्यांनी तो सदऱ्याच्या खिशात घालायचा प्रयत्न केला. वळलेली बोटे खिशाच्या काठाला अडली. "राम राम जी," म्हणून ते बाजूच्या खाटेवर बसले.

कोणीच काही बोलले नाही, कारण बोलण्यासारखे काही घडलेच नव्हते. वडीलधाऱ्या माणसाला नमस्कार केला, यात चूक ती काय? पण मी नमस्कार का केला हे मला ठाऊक होते, आणि त्यांनाही ते कळले होते. हात मिळवावा, जोडावा की गळाभेट घ्यावी, या साध्या वाटणाऱ्या प्रश्नाकडे मी त्या दुपारपासून पाहत आलो आहे. लग्नाचे मांडव, बसस्थानक, सत्काराचे कार्यक्रम, जिथे माणसे भेटतात तिथे मी त्यांचे हात पाहतो.

भेट एका क्षणात होते असे आपल्याला वाटते, पण तिला टप्पे असतात. ॲडम केंडन आणि अँड्र्यू फर्बर या अभ्यासकांनी अमेरिकेतल्या एका वाढदिवसाच्या समारंभाचे चित्रीकरण बारकाईने तपासून १९७३ साली हे टप्पे मांडले. माणसे एकमेकांना दुरून पाहतात आणि तिथूनच मान हलवून किंवा हात उंचावून पहिली दाद देतात. जवळ येताना मात्र नजर बाजूला वळवतात, कपडे किंवा केस सारखे करतात, एखादा हात अंगासमोर आडवा धरतात. शेवटचे दहाएक फूट उरले की पुन्हा नजरानजर होते, हसू येते, तळवा दिसू लागतो आणि मग जवळचे अभिवादन घडते.

आपल्याकडे दुरून दिली जाणारी पहिली दाद बहुतेक वेळा शब्दाची असते. वर्धा जिल्ह्यात रस्त्याच्या पलीकडून 'राम राम' येतो, 'जय भीम' येतो, गुरुदेव सेवा मंडळाच्या माणसाकडून 'जय गुरुदेव', गोंड माणसाकडून 'जय सेवा' आणि विनोबांच्या परंपरेतल्या माणसाकडून 'जय जगत' येतो. यातला प्रत्येक शब्द सांगतो की समोरच्याला आपण कोण म्हणून भेटायचे आहे. 'जय भीम'चे श्रेय कामठीच्या बाबू हरदास यांना दिले जाते. वाकून 'जोहार' घालायला लावलेल्या समाजाने ताठ मानेने उच्चारलेला तो शब्द आहे. म्हणून आलेल्या शब्दाला त्याच शब्दाने उत्तर द्यावे. शब्द मोकळा आला आणि पावले तिथेच थांबली, तर भेट पूर्ण झाली असे समजावे; धावत जाऊन हात धरण्याची गरज नाही. शब्द आला आणि पावलेही पुढे येत राहिली, तरच प्रश्न हातापर्यंत पोहोचतो.

आता तीन अभिवादनांतला फरक. नमस्कार एकट्याने पूर्ण होतो. समोरच्याने उत्तर दिले नाही तरी जोडलेले हात अर्धवट दिसत नाहीत. हस्तांदोलन मात्र एकट्याला पूर्ण करता येत नाही. पुढे केलेला हात कोणीतरी घ्यावाच लागतो. गळाभेट तर एकदा सुरू झाली की मधेच मागेही घेता येत नाही. त्यामुळे शंका असेल तर नमस्कार करावा, आणि समोरची व्यक्ती वयाने मोठी किंवा स्त्री असेल तर पुढाकार तिच्याकडे ठेवावा, हा जुना नियम बहुतेक ठिकाणी चांगला चालतो. मी तो आजही पाळतो. पण नमस्काराच्या ज्या गुणामुळे तो सुरक्षित आहे, त्याच गुणामुळे तो निसटण्याची वाटही होतो. तो स्पर्शाशिवाय पूर्ण होतो. समोर हात आलेला असताना केलेला नमस्कार आदरासाठी आहे की अंतर राखण्यासाठी, हे बाहेरून ओळखता येत नाही. ज्याला आयुष्यभर अंतर मिळाले आहे, त्याला मात्र ते लगेच ओळखू येते.

वर्ध्यात हे जाणणारी माणसे पुष्कळ होती. मनोहरजी दिवाण यांनी १९३६ साली दत्तपूरला कुष्ठरुग्णांसाठी काम उभे केले. गांधी स्मारक कुष्ठरोग निवारण प्रतिष्ठानची स्थापना १९५१ साली वर्ध्यातच झाली. या दोन्हींच्या मधल्या काळात परचुरे शास्त्री सेवाग्रामला आले. ते संस्कृतचे पंडित होते आणि येरवडा तुरुंगात असताना गांधीजींशी त्यांचा संबंध आला होता. १९३९ साली कुष्ठरोग बळावलेल्या अवस्थेत ते आश्रमाशी आले, पण थेट आत न शिरता लांबच थांबले, अशी हकिगत सांगितली जाते. गांधीजींनी त्यांना ठेवून घेतले आणि त्यांच्या अंगाला स्वतः मालिश केले. त्यांची कुटी सेवाग्रामला आजही पाहायला मिळते. या हकिगतीतली मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट म्हणजे ते लांब थांबणे. शास्त्रीबुवा आपण होऊन पुढे येणार नव्हते. पुढाकार समोरच्यावर सोडण्याचा नियम तिथे पाळला असता, तर ते लांबच राहिले असते.

माझी दुसरी चूक नेमकी हीच होती. १९९४ च्या प्रसंगानंतर मी ठरवले की अशा हातासमोर पुन्हा नमस्काराआड लपायचे नाही, समोरच्याने हात दिला की तो घ्यायचा. मग मी सभ्यपणे वाट पाहू लागलो. पण हात येईचना. तो शालीत असे, पिशवीच्या बंदात असे, पाठीमागे असे. हात नाकारला जाण्याचा अनुभव असलेला माणूस तो दुसऱ्यांदा सहजासहजी पुढे करत नाही. मी वाट पाहतो आहे हे त्याला दिसत नव्हते. त्याला एवढेच दिसत होते की इथेही कोणी हात देत नाही.

कुष्ठरोगाच्या क्षेत्रकामात उमर गेलेल्या एका कार्यकर्त्याने मला ते समजावले. त्यांनी आधी भीतीचा प्रश्न निकालात काढला. वळलेली बोटे ही बहुतेकदा जुन्या आजाराची खूण असते, चालू संसर्गाची नव्हे. कोपराजवळून जाणाऱ्या नसेला इजा झाली की करंगळी आणि अनामिका वळतात, तळव्याच्या त्या बाजूची संवेदना जाते, आणि औषधाने रोग बरा झाला तरी बोटे तशीच राहू शकतात. १९८० च्या दशकात आलेल्या बहुविध औषधोपचाराने रोगी लवकरच संसर्गमुक्त होतो. हात मिळवल्याने हा रोग लागत नाही.

मग त्यांनी हात कसा द्यायचा ते दाखवले. "तुम्ही हात मागता का देता, ते त्याले दिसलं पाहिजे," ते म्हणाले. तळवा उभा धरून पुढे केलेला हात उत्तर मागतो. तोच हात कमरेच्या उंचीवर, तळवा थोडा वरच्या बाजूला ठेवून, कोपर अंगाशी राहू देऊन पुढे केला, तर समोरच्याला निवड उरते. तो आपला हात त्यावर ठेवू शकतो, मनगट टेकवू शकतो, किंवा हात जोडून हसू शकतो. त्याने हात जोडले तर आपला हात झटकन मागे घ्यायचा नाही. तोच दुसऱ्या हाताला मिळवून नमस्कार पुरा करायचा.

हात हातात आल्यावर आणखी दोन गोष्टी त्यांनी सांगितल्या. पहिली, दाबायचे नाही. बधिर हाताला आपली ऊब कळेलच असे नाही, पण आपल्या अंगठीची कड त्याच्या त्वचेला जखम करू शकते आणि ती जखम त्याला कळणारही नाही. म्हणून खालून आधार द्यायचा, आणि पट्टी बांधलेली असेल तर मनगटाच्या वर धरायचे. दुसरी, नजर हाताकडे नव्हे, चेहऱ्याकडे ठेवायची. माणूस आपल्या हाताकडे बघणारे डोळे ओळखतो.

गळाभेटीबद्दल मी त्यांना विचारले, कारण तिला बोटे लागत नाहीत. शरीराच्या सोयीने पाहिले तर तीच सर्वांत सोपी. त्यांनी मान हलवली. पहिल्या भेटीत घेतलेल्या गळाभेटीत समोरच्याला निवडच राहत नाही, आणि चार लोकांसमोर ती त्याच्यासाठी नसून बघणाऱ्यांसाठी होते, असे त्यांचे म्हणणे. मला ते पटले. गळाभेटीला आधी नाते लागते किंवा प्रसंग लागतो. ईदच्या दिवशी ती आपसूक घडते, दसऱ्याला सोने दिल्यावर घडते, माहेरी आलेली लेक आईच्या गळ्यात पडते. वारकरी एकमेकांच्या पाया पडून उराउरी भेटतात, तेव्हा लहानमोठे कोण हा प्रश्न दोघांनीही वाकून आधीच मिटवलेला असतो. असा प्रसंग नसेल, तर हात देऊन थांबावे आणि समोरच्याने जवळ ओढले तर जावे.

या सगळ्याला मर्यादा आहेत. अनोळखी स्त्रीसमोर मी आजही हात पुढे करत नाही; तिने केला तर घेतो. एखाद्या म्हाताऱ्या आजीपुढे वाकलो, तर तिला जमेल तसा तिचा हात माझ्या डोक्यावर किंवा पाठीवर येतो, आणि त्यात सगळे येते. करोनानंतर पुष्कळ लोकांना स्पर्श नकोसा झाला आहे. तो त्यांचा हक्क आहे, आणि त्यांनी मागे घेतलेले पाऊल दिसले की माझेही हात जोडले जातात. समोरच्याला काय हवे आहे हे त्याच्या जातीवरून, धर्मावरून किंवा आजारावरून ठरवता येत नाही. ते त्याच्या पावलांवरून आणि हातांवरून पाहावे लागते. पण त्याचा हात लपलेला दिसला, तर तो नको म्हणून लपला आहे की नाकारला जाईल म्हणून, हे नुसते पाहून कळत नाही. आधी आपला हात दिल्यावरच ते कळते.

१९९४ सालचे ते गृहस्थ मला आणखी एकदा भेटले, नऊ-दहा वर्षांनी, त्याच गावात एका लग्नात. ते मांडवाच्या खांबाशी उभे होते, उजवा हात उपरण्याखाली. त्यांनी मला ओळखले असावे, कारण दुरूनच "राम राम जी" आला. मी "राम राम" म्हटले, चालत राहिलो आणि जवळ जाऊन शिकल्याप्रमाणे हात पुढे धरला. काही क्षण काहीच झाले नाही. मी हात तसाच ठेवला. मग उपरणे हलले आणि त्यांचा हात माझ्या तळव्यावर आला. तो कोरडा होता, खरखरीत होता. मी खालून दुसरा हात लावला.

"जेवले का?" त्यांनी विचारले.

"नाही अजून," मी म्हणालो. मग आम्ही पंगतीकडे गेलो.